दुखणं डॉक्टरांपर्यंत पोचताना

मुंबई-पुण्याच्या सरकारी रुग्णालयांत रात्री अपघात विभागात उभा असलेला निवासी डॉक्टर पुष्कळदा केरळचा, राजस्थानचा किंवा तेलंगणचा असतो. राज्यातल्या सरकारी महाविद्यालयांच्या निम्म्या पदव्युत्तर जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात, तेव्हा हे होणारच. खाटेवर मात्र साताऱ्याचा नाहीतर बीडचा माणूस असतो. दोघांच्या मधे उभा असतो मुलगा, सून किंवा वॉर्डातली मावशी. या मधल्या माणसाला कुणी दुभाषी म्हणत नाही. पण रुग्णाला आतून काय होतंय, हे डॉक्टरांना त्या घटकेला त्याच्याच तोंडून कळतं.

समजा, पहाटे तीनच्या सुमाराला 58 वर्षांचे एक गृहस्थ आले आहेत. मधुमेह जुना आहे. ते मुलाला सांगतात, "छाती भरल्यासारखी झालीय रे. इथं वर जळजळतंय. मघाशी दरदरून घाम फुटला." डॉक्टर हिंदीत विचारतात, काय त्रास आहे? मुलगा म्हणतो, "ॲसिडिटी है, रात को बाहर का खाना हुआ था." डॉक्टर पुन्हा विचारतात, दर्द है? मुलगा वळून म्हणतो, "बाबा, दुखतंय का?" बाबा मान हलवतात. "दुखत नाही रे." डॉक्टरांना उत्तर मिळतं, "दर्द नहीं है."

इथं कुणीही खोटं बोललेलं नाही. तरी तीन वाक्यांत छाती गेली, घाम गेला आणि दुखणंही गेलं. उरलं ते रात्रीचं जेवण. छातीत त्रास होणारा रुग्ण आला की 10 मिनिटांच्या आत त्याचा ईसीजी काढून बघावा, असा हृदयरोगाच्या उपचारांत सर्वमान्य दंडक आहे. पण तो दंडक लागू होतो 'छातीत काहीतरी होतंय' हे कळल्यावर. 'ॲसिडिटी' असं ऐकलेल्या डॉक्टरांसमोर आणखी वीस रुग्ण ताटकळत असतील, तर पित्ताचं इंजेक्शन देऊन ते पुढच्या खाटेकडे वळण्याची शक्यता खरी आहे. रुग्णाच्या शब्दांवरून निदान होत नाही, ते ईसीजीवरून आणि रक्ताच्या तपासणीवरून होतं. पण कोणती तपासणी आधी करायची, हे शब्दच ठरवतात. शिवाय हृदयविकाराच्या झटक्याच्या सुरुवातीला पहिला ईसीजी साधारण दिसू शकतो आणि रक्तातलं ट्रोपोनिन वाढायला काही तास लागू शकतात. तेवढा वेळ रुग्णाला थांबवून घ्यायचं की घरी पाठवायचं, हा निर्णय पुन्हा त्याने काय सांगितलं यावरच येऊन ठेपतो.

बाबांचं 'दुखत नाही' हे त्यांच्या परीनं अगदी बरोबर होतं. मराठीत दुखणं म्हणजे दात दुखतो, गुडघा दुखतो, ठेचेचा अंगठा ठणकतो तसं. हृदयाला रक्त कमी पडतं तेव्हा पुष्कळांना तसं काही वाटतच नाही. त्यांना छाती आवळल्यासारखी वाटते, दडपण येतं, जड होतं, भरून येतं, श्वास अडकल्यासारखा होतो. हृदयाकडून येणाऱ्या वेदनेच्या नसा मज्जारज्जूच्या ज्या भागात शिरतात, तिथेच छातीच्या, खांद्याच्या आणि हाताच्या नसाही येऊन मिळतात. संदेश नेमका कुठून आला हे मेंदूला नीट उलगडत नाही. म्हणून ही जाणीव पसरट असते आणि डाव्या हातात, जबड्यात, पाठीत, कधी पोटाच्या वरच्या भागातही जाणवते. मधुमेही, वयस्कर आणि स्त्री रुग्णांत ती आणखीच अस्पष्ट असू शकते. अशा माणसाला 'दुखतं का?' असा प्रश्न विचारणं म्हणजे 'नाही' हे उत्तर मागून घेणं. प्रश्न हवा तो 'छातीत काय होतंय?' असा मोकळा, आणि त्याचं उत्तर जसंच्या तसं पुढे जायला हवं.

शब्दांइतकंच हाताकडे बघावं. कुठे होतंय विचारल्यावर बोटाच्या टोकाने एक नेमकी जागा दाखवणारा रुग्ण आणि सबंध पंजा किंवा मूठ छातीच्या मधोमध धरणारा रुग्ण हे वेगवेगळं सांगत असतात. मूठ धरण्याच्या या खुणेला अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञ सॅम्युएल लेव्हाइन यांचं नाव आहे. ती पुरावा नव्हे. अनेकांना झटका येतो आणि ते मूठ धरत नाहीत. पण मुलगा डॉक्टरांकडे तोंड करून बोलत असताना त्याच्या पाठीमागे बाबांचा हात कुठे आहे, हे कुणीतरी बघितलं पाहिजे. हाताला भाषांतर लागत नाही.

याहून सूक्ष्म अशी एक चूक शिकलेल्या, इंग्रजी येणाऱ्या नातेवाइकांकडून होते, आणि मला ती जास्त धोक्याची वाटते. आई म्हणते, "छातीत लई जोरात धरलंय." मुलगी सांगते, "शार्प पेन आहे." तिच्या मनात शार्प म्हणजे जोराचं, असह्य. डॉक्टरांच्या कानात शार्प म्हणजे सुरी टोचल्यासारखं, आणि तशी टोच श्वास घेताना किंवा कुशीवर वळताना वाढत असेल तर त्यांचा विचार हृदयापासून दूर, फुप्फुसाच्या आवरणाकडे, बरगड्यांकडे, स्नायूंकडे जातो. आईने किती दुखतंय ते सांगितलं होतं, मुलीने कसं दुखतंय ते सांगितलं. वेदनेची तीव्रता आणि तिची जात या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मराठी माणूस टोचणं सांगायला 'चमक निघते' म्हणतो, 'सुई टोचल्यागत' म्हणतो. 'धरलंय' हा शब्द आवळण्याच्या कुळातला आहे.

ही कुळं डॉक्टरांनी मनाने रचलेली नाहीत. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक यांनी रुग्णांच्या तोंडचे शब्द गोळा करून त्यांची वर्गवारी केली आणि 1975 मध्ये मॅकगिल विद्यापीठाच्या नावाने ओळखली जाणारी प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात 78 शब्द 20 गटांत मांडलेले आहेत. ठणकण्याचा गट वेगळा, भाजण्याचा वेगळा, आवळण्याचा वेगळा. एका गटातले शब्द कमी-जास्त तीव्रतेचे असतात, पण गट बदलला की वेदनेची जातच बदलते. भाषांतर करणाऱ्याने एवढं सांभाळलं तरी पुष्कळ झालं. तीव्रतेत थोडं उणं-अधिक झालं तर डॉक्टर पुन्हा विचारून घेतात. गट चुकला तर चुकला आहे हे त्यांना कळतही नाही.

मराठीच्या शब्दांना या बाबतीत नावं ठेवायला जागा नाही. ठणका म्हणजे नाडीच्या ठोक्याबरोबर उसळणारं, पू धरलेल्या बोटाचं किंवा किडलेल्या दाताचं दुखणं. मुरडा म्हणजे पोटात पिळवटून येणारं आणि शौचाला धावायला लावणारं. अडचण आहे ती जागेप्रमाणे अर्थ बदलणाऱ्या शब्दांची. 'पोटात कळ येते' म्हणजे दुखणं लाटेसारखं येतं आणि ओसरतं. तीच कळ 'कमरेतून पायात जाते' तेव्हा ती नसेच्या वाटेने सरकत असते. दोन्हींना हिंदीत 'दर्द' म्हटलं की आतड्याची लाट आणि नसेची वाट दोन्ही पुसली जातात. 'पोटात गोळा येतो' याचं शब्दशः भाषांतर ऐकून डॉक्टर गाठ शोधायला लागतील. सांगणाऱ्याला म्हणायचं असतं की आतडं आखडतंय, किंवा नुसती भीती वाटली.

आणि 'पित्त'. आंबट ढेकर येतात तेही पित्त, अर्धं डोकं दुखून उलटी होते तेही पित्त, अंगावर गांधी उठतात तेही पित्त. बोलणाऱ्याच्या लेखी हे सगळं एका कारणाचं आहे आणि त्यात हसण्यासारखं काही नाही. पण हे वर्णन नाही, निदान आहे. रुग्णाने निदान सांगितलं तर मधल्या माणसाने 'पित्त म्हणजे तुम्हाला नेमकं काय होतं?' एवढं विचारावं. 'गॅस' आणि 'वात' यांचंही तेच.

चुकीच्या शब्दाने दर वेळी जीवच जातो असं नाही. पुष्कळदा वर्षं जातात. मधुमेह असलेली शेतकरी बाई सांगते, "रात्री तळपायाची आग होते, मुंग्या येतात, अंगावरची चादर लागली तरी सोसत नाही." पुढे पोचतं, "पैर दुखते हैं." मग वेदनाशामक गोळ्या सुरू होतात. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या सांधे दुखण्यावर चालतात, नसांच्या आगीवर फारशा चालत नाहीत. उलट मधुमेहाने आधीच थकलेल्या मूत्रपिंडांवर त्यांचा भार पडतो. नसांच्या दुखण्याला प्रीगॅबालिन, ॲमिट्रिप्टिलिन अशी वेगळी औषधं असतात, आणि त्यांच्याकडे वळायला डॉक्टरांना 'आग' हा शब्द ऐकू यावा लागतो.

दुखणं नसांचं आहे का हे ओळखायला डीएन4 नावाची एक छोटी फ्रेंच प्रश्नावली बऱ्याच ठिकाणी वापरतात. दहा मुद्द्यांपैकी चार जुळले तर दुखणं नसांचं असण्याचा संभव धरतात. सात मुद्दे रुग्णाला विचारायचे: आग, दुखवणारा गारठा, विजेचा झटका, झिणझिण्या, सुया टोचल्यासारखं, बधिरपणा, खाज. उरलेले तीन तपासून बघायचे. आता झिणझिण्या आणि सुया टोचल्यासारखं हे दोन्ही मधल्या माणसाने 'मुंग्या येतात का?' असंच विचारलं, तर बाई दुसऱ्यांदा म्हणेल, "सांगितलं की मघाशी." तो मुद्दा कोराच राहतो आणि बेरीज तीनवर थांबते. 'सुया टोचल्यागत होतं का?' असं निराळं विचारलं असतं तर कदाचित ती चार झाली असती.

म्हणून पुन्हा कधी कुणाच्या आणि डॉक्टरांच्या मधे उभं राहायची वेळ आली, तर थोडं कमी शहाणं व्हा. आजी 'छातीवर कुणी बसल्यागत झालंय' म्हणाल्या तर इंग्रजीत, हिंदीत तेच वाक्य सांगा: कुणी छातीवर बसलंय असं वाटतंय. ते ओबडधोबड वाटेल, पण डॉक्टरांना त्यातून आवळणं कळेल, आणि 'ॲसिडिटी'तून काहीच कळणार नाही. एखादा शब्द तुम्हाला नीट उमगला नसेल तर तसं सांगा आणि आजींना हाताने दाखवायला सांगा. कधी सुरू झालं, सलग आहे की येऊन-जाऊन, चालल्यावर वाढतं की जेवल्यावर, सोबत घाम आला का, हे विचारून घ्या आणि त्यांच्या उत्तरात स्वतःचं काही मिसळू नका. छातीचा त्रास असेल तर बाकी सगळं मागे ठेवून पहिलं वाक्य 'छातीत होतंय, केव्हापासून' हेच सांगा, आणि ईसीजी काढला का हे विचारायला संकोच करू नका.