‘सीटी नॉर्मल’ लिहिलंत आणि मोकळे झालात?

हे डिस्चार्ज कार्ड कुणी लिहिलं, हे मी विचारत नाही. खाली सही आहे आणि मला वाचता येतं. ‘चक्कर. सीटी ब्रेन नॉर्मल. गोळ्या दिल्या. घरी पाठवले.’ बस्स? छप्पन्न वर्षांची बाई, बीपी आहे, साखर आहे, पहाटे एकाएकी गरगरायला लागलं, उलट्या थांबेनात, मुलगा धरून आणतोय. आणि तू चार ओळी खरडून मोकळा झालास. तिसऱ्या दिवशी हीच मावशी स्ट्रेचरवरून आली, हाक मारली तर डोळे उघडत नव्हती. तेव्हाचा सीटी लाव त्या पेटीवर. सगळ्यांनी पुढे या, मागे उभं राहून मोबाइल बघायला मी इथे बोलावलेलं नाही.

काय दिसतंय? डाव्या लहान मेंदूचा खालचा अर्धा भाग काळवंडलाय. तो सुजून पुढे सरकलाय. मधलं चौथं व्हेंट्रिकल, म्हणजे मेंदूतलं पाणी जिथून खाली उतरतं ती वाट, चिपटली आहे. वाट बंद, म्हणून वरची व्हेंट्रिकल्स फुगली आहेत. लहान मेंदूच्या मोठ्या इन्फार्क्टची सूज साधारण तिसऱ्या दिवशी कळसाला पोचते. हे पुस्तकात आहे, तुम्ही परीक्षेत लिहिलंही असेल. न्यूरोसर्जननी रात्री मागची कवटी उघडून जागा करून दिली म्हणून बाई आज जिवंत आहेत. आता शेजारी पहिल्या दिवशीचा सीटी लाव. तोही मी बारकाईने पाहिला. रेडिओलॉजिस्टनं लिहिलंय, रक्तस्राव नाही, गाठ नाही, दाब नाही. त्यांचं एक अक्षर चुकलेलं नाही. चुकलास तू. त्यांनी ‘रक्त नाही’ म्हटलं आणि तू ‘स्ट्रोक नाही’ असं वाचलंस.

सीटी काय मोजतो? सांगा कुणीतरी. गप्प. सीटी म्हणजे क्ष-किरण. कोणत्या भागाने किती किरण अडवले, तेवढंच त्याला कळतं. पाण्याला शून्य, हाडाला हजाराच्या आसपास, मेंदूच्या पांढऱ्या भागाला पंचवीस-तीस, करड्या भागाला पस्तीस-चाळीस, ताज्या गोठलेल्या रक्ताला साठ-सत्तर. हे हाऊन्सफील्डचे आकडे. म्हणून ताजं रक्त सीटीवर पांढरं उठून दिसतं, आंधळ्यालासुद्धा चुकणार नाही. पण रक्तपुरवठा तुटलेल्या मेंदूत पहिल्या काही तासांत किरण अडवण्यात फरक पडतो किती? पेशींचे पंप बंद पडतात आणि बाहेरचं पाणी पेशींच्या आत शिरतं. पाणी तेवढंच राहतं, फक्त जागा बदलतं. सीटीला जागा कळत नाही, प्रमाण कळतं. पुढे रक्तातून आणखी पाणी झिरपून सूज येते तेव्हा कुठे आकडा घसरायला लागतो. पाणी एक टक्क्याने वाढलं तर दोन-तीन एककं. एवढा फरक तुमच्या डोळ्यांना दिसेल? करड्या-पांढऱ्याची सीमा पुसट झाली आहे का, हे अनुभवी माणसाला विंडो अरुंद करून, नजर ताणून शोधावं लागतं. तेही मोठ्या मेंदूत.

आणि ही मावशी लहान मेंदूची. फिल्मवर बोट ठेव. इकडून तिकडे या काळ्या-पांढऱ्या रेघा ओढल्यासारख्या दिसतात ना? दोन्ही कानांच्या आतलं हाड शरीरातल्या सगळ्यांत टणक हाडांपैकी एक. त्या दोघांमधून जाताना क्ष-किरणांचा मऊ भाग गळून जातो आणि यंत्राचा हिशोब चुकतो. बरोबर ब्रेनस्टेमच्या अंगावरून या रेघा जातात. म्हणजे जिथे आधीच काही दिसायची मारामार, तिथेच यंत्रानं चिखल उडवलाय. असा सीटी पाहून ‘मागे स्ट्रोक नाही’ म्हणण्याची हिंमत तुझ्यात आली कुठून?

मग पहिल्या दिवशी हातात काय होतं? मशीन नंतर. आधी पेशंट. तू बाईंना चालवून पाहिलंस? नाही. कार्डावर चालण्याचा उल्लेख नाही. मुलाला मी विचारलं, तो म्हणाला, ‘आईला बसवलं तरी डावीकडे कलंडत होती.’ धरल्याशिवाय बसता न येणारा पेशंट कानाच्या चक्करेचा समजून घरी पाठवायचा नसतो. डोकं झटक्यात एका बाजूला वळवून डोळे स्थिर राहतात का पाहिलंस? सतत गरगरणाऱ्या पेशंटमध्ये ही चाचणी बिघडलेली असेल तर कानाकडे बोट जातं, आणि सगळं छान असेल तर घाबरायचं. ऐकायला उलटं वाटतं, म्हणून तर परत परत सांगावं लागतं. जोडीला नजर डावीकडे नेली की डोळे डावीकडे उडतात, उजवीकडे नेली की उजवीकडे, किंवा एक डोळा झाकून उघडला की वर-खाली सरकतो. यातलं काही दिसलं तर प्रश्न मेंदूचा. या तपासणीला दोन मिनिटं लागतात आणि एक पैसा लागत नाही. पण ज्याची चक्कर कूस बदलली की येते आणि मिनिटभरात जाते, त्याच्यावर हे वापरू नका. नाहीतर उद्या सगळ्या वॉर्डला स्ट्रोक झालेला दिसेल तुम्हाला.

एवढं पाहिलं असतं तर फॉर्मवर एमआरआय लिहिला असतास, आणि डिफ्यूजन मागितलं असतंस. एमआरआयमध्ये क्ष-किरण नाहीत. चुंबकाच्या जोरावर शरीरातल्या पाण्याच्या हायड्रोजनला बोलतं करायचं. डिफ्यूजन त्या पाण्याची हालचाल पाहतं. बाजारात मोकळी हिंडणारी माणसं एकदम दुकानांच्या आत कोंडली गेली तर मोजणीत गर्दी तेवढीच भरेल, पण फिरणं थांबलेलं दिसेल. पेशींत कोंडलेलं पाणी असंच डिफ्यूजनवर पांढरं चमकतं, काही मिनिटांतच. मात्र नुसतं चमकतंय म्हणून नाचू नका. जुन्या जखमेतलं जास्तीचं पाणीही चमकतं. शेजारचा एडीसी नकाशा उघडा. तिथे तीच जागा काळी असेल तर ताजा इन्फार्क्ट. एडीसीचा काळेपणा साधारण आठवडा-दहा दिवसांत ओसरतो, म्हणजे जखमेचं वय सांगायलाही तो कामाला येतो. शिवाय कानाच्या हाडाच्या त्या रेघा इथे नाहीत.

आता लगेच मान डोलवून ‘म्हणजे एमआरआयच बरा’ असं कुणी म्हणू नका. मला ठाऊक होतं तुम्ही तेच म्हणणार. लहान मेंदू आणि ब्रेनस्टेमच्या स्ट्रोकमध्ये पहिल्या ४८ तासांत डिफ्यूजनही हुलकावणी देतं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, सतत चक्कर असलेल्या पेशंटांच्या अभ्यासात सुरुवातीचा एमआरआय सुमारे १२ टक्के स्ट्रोकमध्ये कोरा निघाला होता, आणि डोळ्यांच्या त्याच तपासणीनं त्यांना पकडलं. म्हणून तपासणी ओरडून सांगत असेल आणि एमआरआय कोरा असेल तर पेशंटला ठेवून घ्यायचं आणि दोन दिवसांनी पुन्हा काढायचा.

आणि तू, मागच्या बाकावरचा. तुझं परवाचं प्रकरण मी विसरलेलो नाही. काकांची उजवी बाजू लुळी, बोलणं बंद, घरच्यांनी घड्याळ पाहून वेळ सांगितलेली, एक तास चाळीस मिनिटं. आणि तू ‘एमआरआयमध्ये जास्त दिसतं’ म्हणून पेशंटला एमआरआयच्या रांगेत लावलंस. जास्त दिसतं, हे खरं. पण त्या क्षणी तुला प्रश्न काय होता? गुठळी विरघळवणारं औषध द्यायचं की नाही. ते साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, आणि आत रक्तस्राव असेल तर तेच औषध जीव घेतं. म्हणजे प्रश्न एकच, रक्त आहे का? त्याचं उत्तर सीटी मिनिटभरात देतो, त्याच टेबलवर रंगद्रव्य देऊन मोठी नस बंद आहे का तेही सांगतो, म्हणजे गुठळी ओढून काढायची का हे ठरतं. सीटी कोरा दिसला तर इथे निराश व्हायचं नाही, औषध काढायचं. मोठी नस बंद असली की मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात असा एक हिशोब आहे. तू त्यांना रांगेत उभं केलंस.

याच काकांना झोपेतून उठल्यावर लकवा दिसला असता, तर मी स्वतः एमआरआय मागितला असता. वेळ माहीत नाही ना? मग डिफ्यूजनवर पांढरं आणि फ्लेअरवर अजून काही नाही, तर जखम बहुधा साडेचार तासांच्या आतली. २०१८च्या एका मोठ्या चाचणीत असे पेशंट निवडून औषध दिलं, तर औषध न मिळालेल्यांपेक्षा त्यांतले जास्त जण चांगले सावरले. अर्थात त्या चाचणीतही औषधाच्या बाजूला मेंदूत रक्तस्राव थोडा जास्तच झाला, हे सोयीस्करपणे विसरू नका.

डोक्याला मार? सीटी, विचारायचंच नाही. हाड आणि ताजं रक्त. सीटी साफ, तरी माणूस शुद्धीवर येत नाही, तर काही दिवसांनी एमआरआय, बारीक रक्ताचे ठिपके आणि तुटलेले तंतू शोधायला. म्हाताऱ्या माणसाला आठवडे-महिन्यापूर्वीचा मार असेल तर सीटीवरचं रक्त मेंदूच्याच रंगाचं झालेलं असू शकतं. तेव्हा वळ्या पुसल्यात का, मधली रेषा सरकली आहे का, हे बघायचं. आयुष्यातली सगळ्यांत भयंकर डोकेदुखी एकाएकी आली तर सीटी, तोही लवकर. सहा तासांच्या आतला चांगल्या मशीनवरचा सीटी नीट वाचला तर भरवशाचा. उशीर झाला की भरवसा कमी होत जातो, आणि मग पाठीतून पाणी काढून बघण्याला पर्याय राहत नाही.

फॉर्मवर ‘एमआरआय ब्रेन’ एवढंच लिहून पाठवणं आजपासून बंद. केव्हापासून, कोणती बाजू, काय शोधायचंय, हे लिहा. नाहीतर रेडिओलॉजिस्ट काय कुंडली मांडून बघणार?

सात नंबरच्या काकांचा एमआरआय साडेअकराला आहे. पेसमेकर नाही, मेंदूत क्लिप नाही, हे लिहिलंय, बरं केलंत. व्यवसायापुढे रिकामं सोडलंय. मी सकाळी हातांवरचे डाग पाहून विचारलं, तर तीस वर्षं ग्राइंडरवर काम केलंय म्हणाले. डोळ्यात लोखंडाचा कण शिरून राहिला असेल तर चुंबकात तो हलेल आणि डोळा जाईल. फोन करून वेळ पुढे ढकला, आधी डोळ्यांचा एक्स-रे काढून आणा, आणि फिल्म मला दाखवल्याशिवाय ट्रॉली वॉर्डाबाहेर न्यायची नाही.