झोपेपासून सुरुवात

तासगाव भागातला एखादा द्राक्षबागायतदार डोळ्यांसमोर आणू. ऑक्टोबर छाटणीनंतर अवकाळी पाऊस झाला, डाऊनीनं घड गेले, सोसायटीचं कर्ज थकलं. दोन महिने त्याला पहाटे तीनला जाग येते आणि मग डोळ्याला डोळा लागत नाही. बागेत जाणं कमी झालंय, कट्ट्यावर येणं थांबलंय, फोन उचलत नाही. मित्रांना हे दिसतं. एखादा कळवळून म्हणतो, "डोक्याला फार लावून घेतलंयस, एकदा डॉक्टरला दाखव." यात प्रेम आहे, पण ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचतो तो त्याच्या डोक्यावरचा शेरा. बाग गेली, पत गेली, आता शहाणपणही गेलं, असं त्याला वाटतं आणि तो आणखी मिटतो. म्हणून समुपदेशकाकडे जाण्याचा सल्ला माणसाबद्दल देऊ नये. तो त्याच्या एका ठरावीक त्रासाबद्दल द्यावा आणि निर्णय त्याच्याच हातात ठेवावा, असं मला वाटतं.

शिक्का पुसायचा म्हणून आपण हल्ली हमखास सांगतो, की मनाचा आजार हा मधुमेहासारखाच, मेंदूतल्या रसायनांचा. हेतू चांगला असला तरी हा उपाय अर्धाच लागू पडतो. या विषयावरच्या अनेक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण क्वाले, हॅस्लम आणि गॉटडीनर यांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलं. जैविक कारण सांगितलं की लोक रुग्णाला दोष कमी देतात, पण तो बरा होईल ही आशाही कमी होते आणि तो धोकादायक आहे ही समजूत वाढते, असं त्यात दिसलं. म्हणजे 'तुझी चूक नाही' हे पोहोचतं, पण त्याच्याबरोबर 'तू मुळातूनच बिघडलेला आहेस' हेही पोहोचू शकतं. अल्बर्ट एलिस यांची आणि मराठीत कि. मो. फडके यांनी रुजवलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती इथे अधिक उपयोगी पडते. वागण्याचं, त्रासाचं मूल्यमापन करा, अख्ख्या माणसाचं करू नका, असा तिचा आग्रह आहे. मित्राच्या सल्ल्यालाही हाच आग्रह हवा.

तो बोलण्यात असा उतरेल : "गड्या, दोन महिने झालं तू तीनला उठतोयस. अंगात त्राण राहत नाही म्हणतोस. त्या झोपेसाठी मिरजेत एखाद्या समुपदेशकाशी एकदा बोलून बघू या का? पटलं नाही तर परत जायचं नाही. मी येतो संगं." यात जे त्यानं स्वतः सांगितलंय तेवढंच आहे, निदान कुठलंच नाही. पहिली भेट एकच, तिचं कारण उघड, आणि सोबत आहे. हे चारचौघांत किंवा त्याच्या बायकोमुलांसमोर बोलू नये; बांधावर, दोघंच असताना बोलावं. ठिकाणही त्यालाच निवडू द्यावं. मिरजेला तपासायला जाणं या भागात कुणाला खटकत नाही, पण तालुक्याच्या गावात दवाखान्याच्या बाकावर ओळखीचा माणूस भेटेल ही धास्ती खरी असते. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेल्या 'परिवर्तन'सारख्या संस्था आहेत, जिल्हा रुग्णालयं आहेत, आणि ज्याला कुठंच दिसायचं नाही त्याला 2022 मध्ये सुरू झालेल्या टेलिमानसचा 14416 हा विनामूल्य क्रमांक आहे. दारू वाढली असेल तर तेही वेगळं, नाव घेऊन बोलावं. झोपेच्या आड लपवू नये.

यावर कुणी म्हणेल, झोपेचं नाव पुढे करणं ही फसवणूक झाली. समुपदेशक हा शब्द टाळून त्याला 'जरा तपासून येऊ' म्हणत गाडीत बसवलं, तर फसवणूक नक्कीच होईल आणि पुढचा विश्वासही संपेल. पण झोप उडणं हा खरा त्रास आहे, आणि कुणाकडे व कशासाठी जायचं हे आपण स्पष्ट सांगतोच आहोत. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : दुखणं कर्जाचं आहे, त्याला बोलून काय होणार? समुपदेशक कर्ज माफ करू शकत नाही, हे त्याला आधीच मान्य करून सांगावं. नाहीतर त्याच्या संकटाला आपण मनाचा खेळ म्हणतोय असं त्याला वाटेल. मात्र जो झोपत नाही आणि फोन उचलत नाही, त्याला बँकेत जाऊन हप्त्यांची फेरमांडणी मागणंही जड जातं. तेवढं बळ परत यावं म्हणून ही भेट. बँकेतही सोबत जायची तयारी असेल, तर मित्राचा सल्ला जास्त खरा वाटतो.

तो नाही म्हणाला तर वाद घालू नये; चहा प्यावा, दुसरं बोलावं, आठवडाभरानं पुन्हा विचारावं. फक्त एका ठिकाणी ही सबुरी चालत नाही. 'आता सुटलो तर बरं' अशी भाषा आली, वाटण्या किंवा निरवानिरव सुरू झाली, तर थेट विचारावं, "जीव द्यायचं मनात येतंय का?" असं विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो, या समजुतीला अभ्यासांतून आधार मिळालेला नाही. उत्तर होकारार्थी आलं तर त्याला एकटं सोडू नये, घरच्या एका माणसाला सांगावं, फवारणीची औषधं त्याच दिवशी घरातून हलवावीत आणि त्याला घेऊन सरकारी रुग्णालय गाठावं. त्या वेळी त्याचं गुपित राखण्यापेक्षा त्याचा जीव मोठा, आणि हे आपण करणार आहोत, हे त्याला तोंडावर सांगूनच करावं.