उद्याच्या डॉलरचा आजचा भाव

20 एप्रिल 1922 रोजी ‘मँचेस्टर गार्डियन कमर्शियल’च्या पुरवणीत जॉन मेनार्ड केन्स यांचा परकीय चलनाच्या वायदेबाजारावर एक लेख आला. पहिल्या महायुद्धानंतर युरोपातली चलने रोज हेलकावे खात होती. लँकशायरच्या गिरणीमालकाला अमेरिकेतला कापूस डॉलर मोजून घ्यावा लागे आणि तीन महिन्यांनी डॉलर किती पौंडांना पडेल याची धास्ती त्याला असे. बँका त्याला तीन महिन्यांनंतरचा भाव आजच बांधून देत. पण हा भाव त्या कशावरून काढत? बाजाराला उद्या काय वाटेल, याचा अंदाज घेऊन?

केन्स यांचे उत्तर वेगळे होते. फॉरवर्ड भाव मुख्यतः ठरतो तो दोन देशांतल्या अल्पमुदतीच्या व्याजदरांमधल्या फरकाने. जर्मन अर्थशास्त्रज्ञ वॉल्थर लोट्झ यांनी 1889 मध्येच चलनाच्या वायद्यांबाबत असे काही टिपले होते, पण त्याला सिद्धान्ताचे रूप दिले केन्स यांनी. 1923 च्या ‘अ ट्रॅक्ट ऑन मॉनेटरी रिफॉर्म’ या पुस्तकातही हे विवेचन आले.

आजच्या चलनांत हिशेब मांडून पाहू. समजा, डॉलरचा स्पॉट भाव 83 रुपये आहे, एका वर्षाचा व्याजदर भारतात 7 टक्के आणि अमेरिकेत 5 टक्के. एखाद्याकडे 10 लाख डॉलर आहेत. ते अमेरिकेतच ठेवले तर वर्षाने 10.50 लाख डॉलर होतील. त्याऐवजी त्यांचे आज 8.30 कोटी रुपये केले आणि भारतात ठेवले तर 8.881 कोटी रुपये होतील. या रुपयांचे वर्षाने डॉलर करायचा भाव आजच फॉरवर्डने बांधला, तर दोन्ही वाटांत चलनाची जोखीम उरत नाही आणि दोन्ही वाटा शेवटी सारख्याच ठरायला हव्यात. म्हणजे 8.881 कोटी रुपयांची किंमत 10.50 लाख डॉलर. भागाकार केला की एका वर्षाचा फॉरवर्ड भाव निघतो 84.58 रुपये. सूत्रात मांडायचे तर:

फॉरवर्ड = स्पॉट × (1 + रुपयाचा व्याजदर) ÷ (1 + डॉलरचा व्याजदर)

रुपया पुढे घसरेल की वधारेल, याचा या हिशेबात कुठेही विचार नाही. फॉरवर्ड भाव म्हणजे बाजाराचे भाकीत, ही समजूत अजूनही बरीच पसरलेली आहे आणि ती सोडलीच पाहिजे.

आता एखादी बँक एका वर्षाचा डॉलर 84.20 ला विकायला तयार आहे असे धरू. इथे आर्बिट्राज दिसतो. 10 लाख डॉलर 5 टक्क्यांनी उसने घ्यायचे, 8.30 कोटी रुपये करून 7 टक्क्यांनी गुंतवायचे आणि त्याच दिवशी वर्षानंतरचे 10.50 लाख डॉलर 84.20 ला बांधून ठेवायचे. वर्षाअखेर हातात 8.881 कोटी रुपये येतात, डॉलर घ्यायला 8.841 कोटी लागतात, कर्ज फिटते आणि 4 लाख रुपये उरतात. भाव 84.58 च्या वर असता तर हाच व्यवहार उलटा करायचा: रुपये उसने घेऊन डॉलरमध्ये ठेवायचे आणि डॉलर वायद्याने विकायचे. असे व्यवहार करणारे पुरेसे असले की भाव आपोआप 84.58 कडे सरकतो.

पण केन्स यांनी तेव्हाच एक अट घातली होती. वर्षाला सुमारे अर्धा टक्का फायदा दिसल्याशिवाय पैसा एका बाजारातून दुसऱ्यात हलत नाही, असे त्यांचे निरीक्षण होते. शिवाय असा मोकळा पैसा मर्यादित असतो आणि राजकीय जोखीम असेल तर तो आणखी बिचकतो. पुढच्या शंभर वर्षांत सूत्र तेच राहिले. अभ्यासकांचा शोध चालला तो या अर्ध्या टक्क्यात नेमके काय दडले आहे याचा.

रॉबर्ट ॲलिबर यांनी 1973 मध्ये दाखवले की लंडन आणि न्यूयॉर्कच्या ठेवींची तुलना सरळ करता येत नाही, कारण मधल्या काळात एखादे सरकार पैसा बाहेर नेण्यावर बंदी घालू शकते. म्हणून एकाच शहरातल्या दोन चलनांच्या ठेवी ताडून पाहाव्यात. दोन वर्षांनी जेकब फ्रेंकेल आणि रिचर्ड लेव्हिच यांनी व्यवहारखर्च मोजला. वरच्या उदाहरणात तो घालून बघण्यासारखा आहे. डॉलर 5 ऐवजी 5.3 टक्क्यांनी उसने मिळाले आणि रुपयांवर 7 ऐवजी 6.8 टक्केच मिळाले, तर 84.20 च्या भावाला हातात 8.8644 कोटी येतात आणि द्यावे लागतात 8.8663 कोटी. कागदावरच्या 4 लाखांच्या जागी सुमारे 19 हजारांचा तोटा. बाजारात दिसणाऱ्या बहुतेक फटी अशाच खर्चाच्या पट्ट्यात बसतात, हा त्यांचा निष्कर्ष. त्यानंतर प्रमुख चलनांपुरता हा प्रश्न मिटल्यासारखा झाला.

15 सप्टेंबर 2008 ला लेहमन ब्रदर्स कोसळली आणि तो पुन्हा उघडला. युरोपीय बँकांना डॉलर कोणी उसने देईना. त्या युरो देऊन स्वॅपमधून डॉलर घेऊ लागल्या आणि त्यासाठी सूत्रापेक्षा जास्त किंमत मोजू लागल्या. संकटात असे व्हावे, यात नवल नाही. पण संकट ओसरल्यावरही फट बुजली नाही, विशेषतः येनमध्ये. जपानी विमा कंपन्या अमेरिकी रोखे घेत राहिल्या, त्यासाठी स्वॅपमधून डॉलर घेत राहिल्या आणि जादा किंमत देत राहिल्या.

मग फायदा समोर असताना बँका तो उचलत का नव्हत्या? वेनशिन डू, अलेक्झांडर टेपर आणि एड्रियन व्हर्डेलहान यांचा 2018 चा शोधनिबंध याचे पटणारे उत्तर देतो. संकटानंतरच्या नियमांनुसार बँकेला एकूण मालमत्तेच्या किमान 3 टक्के भांडवल राखावे लागते, मग त्या मालमत्तेत जोखीम असो वा नसो. 100 कोटींचा आर्बिट्राज केला की 3 कोटींचे भांडवल अडकते. भागधारकांना त्यावर 10 टक्के परतावा हवा असेल तर 30 लाख रुपये सुटायला हवेत, म्हणजे 0.30 टक्के. त्याहून लहान फट बँकेला सोडून द्यावी लागते. पुरावाही बोलका आहे: तिमाहीअखेर ओलांडणाऱ्या अल्पमुदतीच्या करारांत ही फट अचानक रुंदावते, कारण अनेक बँकांचा ताळेबंद नियामकाला दिसतो तो त्याच दिवसाचा.

फट मुद्दाम तयार करता येते, याचे उदाहरण भारतातच आहे. 2013 मध्ये रुपया घसरत होता. तो सावरण्यासाठी रिझर्व्ह बँकेने बँकांसाठीचा एमएसएफ दर 10.25 टक्क्यांवर नेला होता आणि अमेरिकेत दर जवळपास शून्य होता. त्याच वर्षी 4 सप्टेंबरला गव्हर्नरपदी आलेल्या रघुराम राजन यांनी एक खिडकी उघडली. अनिवासी भारतीयांकडून किमान तीन वर्षांच्या एफसीएनआर(बी) ठेवी घेणाऱ्या बँकांनी डॉलर रिझर्व्ह बँकेला द्यावेत आणि मुदतीनंतर वर्षाला फक्त 3.5 टक्के प्रीमियमने परत घ्यावेत. व्याजदरातला फरक याहून कितीतरी मोठा होता, त्यामुळे सूत्राने येणारी किंमतही मोठी होती. मधला फरक ही रिझर्व्ह बँकेने दिलेली सवलतच होती. परदेशी बँकांनी अनिवासी भारतीयांना कर्ज देऊन त्यातून ठेवी फुगवल्या. 30 नोव्हेंबरला ठेवींची खिडकी बंद होईपर्यंत या वाटेने सुमारे 26 अब्ज डॉलर आले. तीन वर्षांनी, 2016 च्या अखेरीस, त्या ठेवी परत करायची वेळ आली, तेव्हा लागणाऱ्या डॉलरपैकी बहुतेक रिझर्व्ह बँकेने आधीच वायद्याने विकत घेऊन ठेवले होते.