खडकाचा वेळ आणि फायलीचा वेळ

फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मूतल्या रियासी जिल्ह्यात, सलाल-हैमना परिसरात, लिथियमचा ५९ लाख टनांचा साठा असल्याचे जाहीर झाले आणि बघता बघता वाहिन्यांनी भारताला लिथियमच्या बड्या देशांच्या पंगतीला बसवले. चिलीचा साठा तेव्हा ९३ लाख टन सांगितला जात होता, त्यामुळे दोन आकडे शेजारी मांडायला सोयीचे होते. पण चिलीचा आकडा निव्वळ लिथियमचा आणि काढण्याजोग्या ठरलेल्या साठ्याचा होता. रियासीचा आकडा होता लिथियम असलेल्या खडकाचा, आणि तोही जी-३ म्हणजे प्राथमिक शोधाच्या टप्प्यावरचा. टनामागे ८०० ग्रॅम लिथियम धरले, तर ५९ लाख टन खडकात साधारण ४,७०० टन लिथियम भरते. हा हिशेब शाळकरी मुलाला जमेल असा आहे, तरी तो फारसा कोणी केला नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये हा ब्लॉक लिलावाला निघाला, पुरेसे पात्र बोलीदार न आल्याने मार्च २०२४ मध्ये लिलाव रद्द झाला आणि दुसऱ्या फेरीतही तेच घडले. मग तीच चर्चा उलटी फिरली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ज्याची नोंद होऊन गेली होती, त्यावर ठोस काही हाती यायला पाव शतक लागते म्हणजे हे क्षेत्रच मागासलेले, असा सूर लागला. त्याला जोडून नेहमीचा उपाय आला: तंबू, शिबिरे, आडवळणाच्या नेमणुका हे सगळे जुने झाले, उपग्रह आणि संगणकावर भूविज्ञान आणा, म्हणजे हुशार मुले इकडे वळतील.

मुले का वळत नाहीत याची इतर उत्तरे इथे बाजूला ठेवतो. पिढी नाजूक झाली हे उत्तर प्रत्येक पिढीने पुढच्या पिढीबद्दल दिलेले आहे. पगार कमी हे सरकारी परीक्षेतून लागणाऱ्या भूवैज्ञानिकाबाबत फारसे खरे नाही, आणि खासगी ठेकेदाराकडे राबणाऱ्याबाबत इतके खरे आहे की त्यावर वाद नको. मात्र ‘फील्ड कमी करा’ हे उत्तर शहाणपणासारखे दिसते, म्हणून त्याच्याशी नीट भांडायला हवे.

उपग्रहाला काय दिसते, इथून सुरुवात करू. परावर्तित प्रकाशावरून खनिजे ओळखणारी उपकरणे पृष्ठभागाची अगदी वरची, मिलिमीटरपेक्षाही पातळ कातडी वाचतात. त्यावर माती, गवत किंवा विदर्भातली काळी जमीन असेल, तर ती माती आणि गवतच वाचतात. विमानातून केलेले चुंबकीय आणि गुरुत्वीय मापन खोल जाते, पण त्याची अडचण वेगळी आहे. वर मिळालेले एकच मापन खाली निरनिराळ्या आकारांच्या, निरनिराळ्या खोलीवरच्या खडकांमुळे मिळू शकते. त्यातला कोणता पर्याय खरा हे गणित स्वतःहून सांगत नाही. म्हणजे ही साधने कुठे जायचे ते उत्तम सांगतात, आणि त्यांच्यामुळे फुकटची पायपीट वाचली हे मान्यच आहे. पण जाणे त्यांनी रद्द केलेले नाही.

यावर अधिक चतुर प्रत्युत्तर असे, की जाऊ द्या यंत्राला. ड्रिलिंग करा, कोअरचे फोटो काढा, स्कॅन करा, नमुने प्रयोगशाळेत पाठवा आणि भूवैज्ञानिकाला नागपुरात किंवा हैदराबादेत बसून अर्थ लावू द्या. हे ऐकायला बिनतोड वाटते. म्हणून एका बोअरहोलपाशी थोडे थांबू. रिग एका रनमध्ये तीन मीटर खाली गेली आणि नळीतून बाहेर आलेली कोअर जोडून मोजली तर २.१ मीटर भरली. कोअर रिकव्हरी ७० टक्के. फोटोत हे २.१ मीटर स्वच्छ दिसतात, आणि विश्लेषणही त्यांचेच होते. हरवलेले ९० सेंटिमीटर कुठले? बहुधा जे मऊ होते ते, कारण ड्रिलिंगच्या पाण्याने धुऊन जाते ते मऊच. रियासीसारख्या ठिकाणी, जिथे लिथियम बॉक्साइट आणि मातकट थरांशी निगडित आहे, तिथे मऊ भाग हा केरकचरा नसून कदाचित सगळ्यात मोलाचा भाग असू शकतो. तो गाळून काढलेली सरासरी कमी येईल की जास्त, हे आकड्यांकडे पाहून कळत नाही. ते कळायचे असेल, तर परत येणाऱ्या पाण्याचा रंग कधी बदलला, रॉड अचानक भरभर खाली कधी गेला, ड्रिलरने पाणी वाढवले की कमी केले, हे पाहणारा तिथे हवा. रिकव्हरी पडतेय म्हणून रन तीन मीटरऐवजी एका मीटरचा करा, हे सांगणाराही त्याच क्षणी तिथे हवा. आठवड्याने फोटो पाहणाऱ्याच्या हाती फक्त शेरा मारणे उरते.

शिवाय रियासीचा बॉक्साइट बसला आहे तो चुनखडकाच्या प्राचीन, पाण्याने झिजून खड्डेखुड्डे पडलेल्या पृष्ठभागावर. अशा ठिकाणी थराची जाडी एका खड्ड्यात भरपूर आणि काही पावलांवर जवळजवळ शून्य असू शकते. दोन बोअरहोलच्या मधल्या जागेत काय आहे हे तिथे सरळ रेषा ओढून ठरवता येत नाही. म्हणून जी-३ वरून जी-२ आणि पुढे जी-१ टप्प्याला जायचे म्हणजे बोअरहोल जवळजवळ घ्यायचे, आणि अंतर निम्मे केले की बोअरहोलची संख्या चौपट होते. खर्च, रस्ते, परवानग्या, पावसाळा हे सगळे त्या चौपटीत येते. हा उशीर कोणाच्या आळसाचा नाही, खालच्या खडकाच्या ओबडधोबडपणाचा आहे. बोलीदार आले नाहीत त्यालाही हेच एक कारण धरता येते. खाली नेमके किती आणि कसे आहे ते ठाऊक नाही, आणि अशा थरांतून लिथियम परवडेल अशा खर्चात काढण्याची रुळलेली पद्धतही हाताशी नाही, तिथे पैसा कोण लावील?

दूर बसून आकड्यांवर विसंबण्याचा परिणाम काय होतो, याचे उदाहरण खाणव्यवसायात सर्वांना पाठ आहे. इंडोनेशियातल्या बुसांग इथे कॅनडाच्या ब्री-एक्स कंपनीने नव्वदच्या दशकात प्रचंड सोने जाहीर केले. साठ्याची गणिते चोख होती. खोटे होते ते नमुने, त्यांत बाहेरून सोने मिसळलेले होते. कोअर उभी चिरून अर्धी पेटीत जपून ठेवायची, हा धंद्यातला साधा नियम. तिथे कोअर जवळजवळ सगळीच दळून टाकली गेली आणि फेरतपासणीला काही उरले नाही. १९९७ मध्ये भागीदार कंपनीने जुन्या बोअरहोलच्या शेजारी स्वतः नवी भोके घेतली, तेव्हा सोने सापडले नाही आणि सगळा डोलारा कोसळला. त्यानंतर कॅनडाने नियम कडक केले. ऑस्ट्रेलियाच्या संहितेत तर साठ्याच्या आकड्यामागे नाव घेऊन उभी राहणारी सक्षम व्यक्ती लागते, आणि त्या प्रकारच्या खनिजसाठ्याचा किमान पाच वर्षांचा अनुभव तिच्याजवळ असावा लागतो. नुसता भूविज्ञानाचा अनुभव पुरत नाही, त्याच प्रकारच्या साठ्याचा लागतो. ही अट माझ्या मते फारच बोलकी आहे.

कारण इथून माझा खरा मुद्दा सुरू होतो. या क्षेत्रात दोन प्रकारचा संथपणा आहे आणि आपली चर्चा तो एकच समजते. एक खडकाचा. तो बोअरहोलच्या चौपटीत आहे, प्रयोगशाळेच्या रांगेत आहे, हिमालयात बर्फ वितळेपर्यंत आणि द्वीपकल्पात पावसाळा सरेपर्यंत थांबण्यात आहे. हा वेळ कामाचा आहे, तो छाटला की आकडा कच्चा राहतो. दुसरा फायलीचा. अहवाल तयार होऊन कपाटात पडतो, पुढच्या टप्प्याची मंजुरी येईपर्यंत हंगाम निघून जातो, आणि ती येते तेव्हा ते डोंगर पायाखालून घातलेला माणूस दुसऱ्या राज्यात बदलून गेलेला असतो. सर्वेक्षणाची कामे वर्षावर्षाच्या फील्ड हंगामाच्या आराखड्यात बांधलेली असतात, सरकारी बदल्यांचे चक्र त्याच्याशी मेळ घालत नाही. त्यामुळे नवा माणूस जुन्या नोंदवहीपासून सुरुवात करतो, आणि हरवलेल्या ९० सेंटिमीटरबद्दल पहिल्याला जे ठाऊक होते ते नोंदवहीत क्वचितच उतरलेले असते. आधुनिकीकरणवाले पहिल्या संथपणावर कुऱ्हाड चालवतात आणि दुसऱ्याला हातही लावत नाहीत.

सातत्याने काय मिळते ते पाहायला दूर जायला नको. बालाघाट, भंडारा, नागपूरच्या पट्ट्यातल्या मँगनीजच्या खाणी शतकाहून अधिक काळ चालू आहेत. भूवैज्ञानिक फर्मोरने तिथल्या खनिजांवरचा ग्रंथ १९०९ मध्ये लिहिला. तिथला मँगनीजचा थर घड्या पडलेला आहे. कुठे तो स्वतःवरच दुमडून जाड होतो, कुठे चिमटल्यासारखा बारीक होत नाहीसा होतो. एका पातळीवर तो कुठे वळला हे ज्याने पाहिले, त्याला खालच्या पातळीवर बोगदा कोणत्या दिशेने न्यायचा याचा अंदाज बांधता येतो. अशा ठिकाणी माणसाला मागासलेपणा चिकटलेला नसतो, त्याची विद्या तिथे साचत जाते.

यावर गंभीर आक्षेप माणसांच्या बाजूने येतो आणि तो मला सर्वांत जड वाटतो. नवरा-बायको दोघे नोकरी करणारे, मुलांची शाळा, जवळ दवाखाना नाही, अशा जागी चार-पाच वर्षे राहा असे कोणी कोणाला सांगावे? स्त्रियांना तर भूमिगत खाणीत तांत्रिक व देखरेखीच्या कामाची वाट २०१९ मध्ये उघडली, तीही दिवसाच्या वेळेत आणि अटींसह. पण या आक्षेपातून ‘फील्ड कमी करा’ हे निघत नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थमध्ये घर असलेली माणसे पिलबारातल्या खाणींवर पाळीने जातात, ठरलेले दिवस तिथे, ठरलेले दिवस घरी. त्याचेही मनावर ओझे पडते. तिथल्या संसदेच्या समितीने २०१५ मध्ये त्याची चौकशीही केली. तरी दूर असणे वाटून घेता येते आणि तोच माणूस त्याच खडकाकडे परत येत राहतो, एवढे त्यातून दिसते. आपल्याकडे नेमणूक म्हणजे एकतर सगळे वर्ष तिथे, नाहीतर कायमची बदली, असे दोनच पर्याय मानले जातात.

म्हणून माझ्या मते बदल हवा तो बढतीच्या नियमांत. एकाच ब्लॉकवर जी-४ पासून जी-२ पर्यंत टिकलेल्या भूवैज्ञानिकाची ती वर्षे बढतीत जमेला धरावीत, आज बहुधा ती कुठेतरी अडकून पडल्याची वर्षे मानली जातात. कोअर लॉग करणाऱ्याचे नाव अंतिम आकड्यापर्यंत अहवालात राहावे, आणि टप्पा बदलताना तो माणूस नेमणुकीवर नसेल तर ते अहवालात लिहावे. लिलावात बोली लावणाऱ्याला ब्लॉकच्या नकाशाबरोबर ही माहितीही मिळावी. रियासीत आणखी शोधकाम करायचे ठरले आहे, म्हणजे चौपट बोअरहोलचा टप्पा अजून पुढेच आहे. पहिल्या फेरीत पाण्याचा रंग पाहिलेल्यांपैकी किती जण त्या रिगजवळ असतील, हा प्रश्न उत्खननाच्या तंत्राइतकाच त्या आकड्याच्या भवितव्याशी जोडलेला आहे, आणि तो अजून कोणी विचारलेला दिसत नाही.