मुळे नाहीत, अवयव मात्र आहेत

सीईटीच्या तयारीसाठी बुलढाणा, चिखली, खामगावच्या मुलांच्या हातात जी टिपणे फिरतात, त्यातले एक पान माझ्यासमोर आहे. संकलन करायचे आहे (x²+1)/(x⁴+1) चे. शेजारी सूचना: x⁴+1 कधीच शून्य होत नाही, म्हणून त्याचे अवयव पडत नाहीत; अंश आणि छेद x² ने भागा, t = x − 1/x घ्या. तसे केले की छेद t²+2 होतो आणि उत्तर दोन ओळींत मिळते: (1/√2) tan⁻¹(t/√2).

युक्ती चांगली आहे, तिचे कारण मात्र साफ खोटे आहे. आणि त्या खोट्या कारणाची किंमत मोजावी लागते. हेच संकलन −1 पासून 1 पर्यंत काढा. दोन्ही टोकांना t शून्य, म्हणजे उत्तर शून्य! पण हे फल सगळीकडे धन आहे आणि −1, 0, 1 या तिन्ही ठिकाणी त्याची किंमत 1 येते. त्याखालचे क्षेत्रफळ शून्य कसे असेल? आपण x² ने भागले आणि वाटेत x = 0 लागले. तिथे t एकदम +∞ वरून −∞ वर जातो, tan⁻¹ मध्ये π एवढी उडी पडते आणि π/√2 एवढे, म्हणजे सगळेच क्षेत्रफळ हरवते.

आता अवयव पाडू. x⁴+1 मध्ये 2x² मिळवा आणि वजा करा: (x²+1)² − (√2x)². हा दोन वर्गांचा फरक, म्हणून अवयव x²+√2x+1 आणि x²−√2x+1. दोघांचा विवेचक 2−4, म्हणजे ऋण. वास्तव संख्यांत यापुढे फोड नाही. आंशिक अपूर्णांक केले तर प्रत्येकाच्या डोक्यावर 1/2 येतो. पहिला छेद (x+1/√2)² + 1/2 असा लिहून x+1/√2 = (1/√2) tanθ ठेवले की छेद (1/2) sec²θ होतो, dx मधला sec²θ त्याला कापतो आणि √2 dθ उरतो. दुसऱ्याचेही तसेच. उत्तर (1/√2)[tan⁻¹(√2x+1) + tan⁻¹(√2x−1)]. यात कुठेही शून्याने भागलेले नाही. मर्यादा घातल्या की π/√2, सुमारे 2.22.

टिपणातली समजूत नवी नाही. 1702 मध्ये लायब्निझने 'अ‍ॅक्टा इरुडिटोरम'मध्ये लिहिले की 1/(x⁴+a⁴) चे संकलन लॉगरिदम आणि वर्तुळाच्या चापांत बसत नाही. हा प्रसंग बहुतेक ठिकाणी थोर माणसाची बीजगणितातली चूक म्हणून सांगितला जातो. मला ते वाचन अपुरे वाटते. त्याने x⁴+a⁴ चे अवयव पाडले होते, पण √−1 वापरून. पुढे त्याचेही वर्गमूळ काढावे लागले, आणि त्यातून वास्तव द्विघाती जोड्या जमतील असे त्याला वाटले नाही. पण त्याचा प्रश्न बरोबर होता: 1/(x+a) लॉगरिदम देतो, 1/(x²+a²) चाप देतो, मग x⁴, x⁸ ला दरवेळी नवे फल लागेल की ही दोनच पुरतील? याचे उत्तर संकलनाच्या कुठल्याच नियमात नव्हते. प्रत्येक वास्तव बहुपदीचे रेषीय आणि द्विघाती वास्तव अवयव पडतात का, यावर ते अवलंबून होते. म्हणजे बीजगणिताचे मूलभूत प्रमेय आधी सिद्ध झाले आणि मग आंशिक अपूर्णांकांची रीत बसली, असे घडलेले नाही. उलट, या रीतीनेच त्या प्रमेयाची गरज उभी केली.

लायब्निझ 1716 मध्ये वारला. 1719 मध्ये निकोलस बर्नुलीने वर केलेलीच फोड दाखवली. पण शंका तिथे मिटली नाही, कारण एका बहुपदीची फोड म्हणजे सगळ्यांची हमी नव्हे. आणि तीच शंका पुढे खुद्द निकोलसलाच आली: x⁴−4x³+2x²+4x+4 चे वास्तव अवयव पडत नाहीत असे त्याने मांडले. 1742 च्या पत्रात ऑयलरने ते पाडून दाखवले. आपणही करून पाहू. x = y+1 ठेवा, बहुपदी y⁴−4y²+7 होते. y² मध्ये द्विघाती मानून सोडवायला गेलात तर विवेचक 16−28, ऋण, आणि वाट बंद. पण (y²+√7)² − (4+2√7)y² असे लिहिले की पुन्हा दोन वर्गांचा फरक हाती येतो. 1719 ची निकोलसची स्वतःचीच फोड एका y+1 मागे झाकली गेली होती.

सर्वसाधारण सिद्धता गाउसने 1799 मध्ये दिली. तिच्यातली एक फट भरायला पुढे बराच काळ गेला. ही सिद्धता अवयव असतात एवढेच सांगते, ते शोधून देत नाही. चौथ्या घातापुढच्या छेदाला तर ते मुळांच्या चिन्हांत लिहिता येतीलच असेही नाही. तिथे विद्यार्थी अडला तर 'अवयव सापडत नाहीत' असे लिहावे. 'पडत नाहीत' असे लिहू नये.