सारखे म्हणजे कोणासारखे?

‘सारख्या माणसांना सारखी वागणूक द्यावी’ हे न्यायाचं बहुधा सगळ्यात जुनं आणि सगळ्यात कमी वादाचं सूत्र असेल. अ‍ॅरिस्टॉटलपासून गावच्या पारापर्यंत ते सगळ्यांना मान्य आहे. भांडण सुरू होतं ते पुढच्या प्रश्नावर. दोन माणसं सारखी आहेत, हे ठरवायचं कशावरून?

माझ्या कामात हा प्रश्न रोज समोर येतो. कर्ज द्यायचं की नाही हे ठरवणारी मॉडेल्स मी तपासते. अर्जदाराचं उत्पन्न, चालू हप्ते, क्रेडिट स्कोअर वगैरे माहिती मॉडेलला दिली की ते काही सेकंदांत ‘मंजूर’ किंवा ‘नामंजूर’ सांगतं. या निकालात एखाद्या गटावर अन्याय होतोय का, हे मला पाहायचं असतं. त्याची नेहमीची पद्धत म्हणजे वेगवेगळ्या गटांतले, पण आर्थिकदृष्ट्या सारखे अर्जदार शोधायचे आणि त्यांचे निकाल शेजारी शेजारी ठेवायचे. ऐकायला हे अगदी सरळ वाटतं. ते किती अवघड आहे हे समजून घ्यायचं तर मॉडेल्स येण्याच्या आधीची एक गोष्ट पाहावी लागते.

अमेरिकेत १९७५च्या एका कायद्यानुसार बँकांना गृहकर्जाच्या अर्जांची माहिती जाहीर करावी लागते. १९९०च्या अर्जांपासून त्यात प्रत्येक अर्जदाराचा वंश आणि उत्पन्नही येऊ लागलं. आकडे बाहेर आले तेव्हा दिसलं की कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक अर्जदारांना गोऱ्यांच्या दुपटीहून जास्त प्रमाणात नकार मिळतोय. बँकांचं उत्तर तयार होतं. या आकड्यांत अर्जदाराने आधीची कर्जं कशी फेडली ते नाही, डोक्यावर किती देणं आहे ते नाही. मग तुम्ही सारख्या माणसांची तुलना करताय हे कशावरून?

आक्षेप बरोबर होता. म्हणून बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या अलिशिया मनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या कर्जदात्यांकडून प्रत्येक अर्जामागे ३८ जादा बाबींची माहिती मागवली. जुनी थकबाकी, हप्त्यांचं उत्पन्नाशी प्रमाण, घराच्या किमतीच्या तुलनेत कर्ज किती, असं बरंच काही. सुमारे तीन हजार अर्जांचा अभ्यास झाला. त्यात अल्पसंख्याकांपैकी २८ टक्के अर्ज नामंजूर झाले होते, गोऱ्यांपैकी १० टक्के. म्हणजे १८ टक्क्यांचं अंतर. ही सगळी माहिती हिशेबात धरल्यावर ते अंतर आठ टक्क्यांच्या आसपास उरलं. बाकीचं दोन्ही गटांच्या आर्थिक परिस्थितीतल्या फरकातून येत होतं. जे उरलं, ते मात्र या ३८ बाबींतल्या कशानेही समजावून सांगता येत नव्हतं.

पहिला अहवाल १९९२मध्ये आला आणि त्यावर पुढे कित्येक वर्षं वाद झाला. त्या वादातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो एक छोटासा रकाना. तिकडे घर घेताना पदरचे पैसे कमी घातले, तर कर्जाचा विमा काढावा लागतो. विमा कंपनीने नकार दिला की बँकही जवळपास नक्कीच नकार देते. अभ्यासात हाही एक घटक धरला होता, आणि बँकेच्या बाजूने पाहिलं तर ते रास्तच आहे. पण समजा विमा कंपनीच भेदभाव करत असेल तर? तो भेदभाव ‘अर्जदारांमधला फरक’ या खात्यात जमा होतो आणि आपल्या तुलनेत दिसेनासा होतो. दोन अर्जदार ‘सारखे नाहीत’, कारण त्यातल्या एकावर आधीच अन्याय झालेला आहे.

आता मॉडेलकडे येऊ. मॉडेलला माणसाचा चेहरा दिसत नाही, आडनाव ऐकून ते कपाळावर आठ्या घालत नाही. कंपन्या अभिमानाने सांगतात की आमच्या मॉडेलमध्ये ‘स्त्री की पुरुष’ हा रकानाच नाही. खरं असतं ते. पण रकाना नसला म्हणून माहिती नसते असं नाही. नोकरीतला खंड, पगार कोणत्या प्रकारच्या कामाचा आहे, घर कोणाच्या नावावर आहे, या सगळ्यांत ती थोडी थोडी विखुरलेली असते. त्यामुळे रकाने पाहून उत्तर मिळत नाही, निकालच पाहावे लागतात.

एक उदाहरण करून पाहू. आकडे समजण्यापुरते घेतलेले आहेत. एक हजार पुरुषांनी आणि एक हजार स्त्रियांनी वैयक्तिक कर्जासाठी अर्ज केले. ६२० पुरुषांना आणि ४८० स्त्रियांना मंजुरी मिळाली. अंतर १४ टक्के. एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही, बोस्टनच्या बँकांचा आक्षेप इथेही लागू आहे. म्हणून आपण प्रत्येक स्त्रीसाठी एक जोडीदार अर्जदार शोधतो. त्याचं उत्पन्न तिच्या उत्पन्नाच्या दहा टक्के वर-खाली, क्रेडिट स्कोअर वीस अंकांच्या आत, चालू हप्त्यांचा बोजा साधारण तेवढाच, मागितलेली रक्कमही तेवढीच. समजा ७०० स्त्रियांना अशी जोडी मिळाली.

या ७०० जोड्यांपैकी बहुतेकींत दोघांचा निकाल एकच आहे. त्या बाजूला ठेवू. १३५ जोड्यांत निकाल वेगवेगळे लागले. त्यातल्या ८५ जोड्यांत त्याला कर्ज मिळालं, तिला नाही. ५० जोड्यांत उलट झालं. मॉडेल निःपक्ष असतं तर हे दोन आकडे जवळपास सारखे यायला हवे होते. नाणं १३५ वेळा उडवून ८५-५० इतका कल पडणं अगदी क्वचित घडतं. म्हणजे इथे योगायोगापेक्षा जास्त काहीतरी आहे.

हा निकाल दाखवला की मॉडेल बनवणारी टीम म्हणते, तुम्ही ‘सध्याच्या नोकरीत सलग किती वर्षं’ हे धरलंच नाही. ते धरून जोड्या पुन्हा लावा. लावल्या. आता जोड्या उरल्या ४५०, आणि वेगळे निकाल ४१ विरुद्ध ३७. अंतर जवळपास गेलं. टीम खूश. पण मला इथे बोस्टनचा विम्याचा रकाना आठवतो. सलग नोकरी कोणाची तुटते? बाळंतपणासाठी जिने दोन वर्षं घरी काढली, सासूच्या आजारपणात जिने काम सोडलं, नवऱ्याची बदली झाली म्हणून जिने गाव बदललं, तिची. या रकान्याने अन्याय नसल्याचं सिद्ध केलं, की अन्यायाला ‘फरक’ असं नाव दिलं?

याचं उत्तर नुसत्या भावनेने देता येत नाही, आणि देऊही नये. निदान अर्धं उत्तर तपासता येतं. ज्यांना आधी कर्ज मिळालं आहे त्यांच्यातून बाकी सगळ्या बाबतीत सारखे, पण नोकरीत खंड असलेले आणि नसलेले असे दोन गट काढायचे. त्यांची परतफेड पाहायची. दोन्ही गट सारखेच हप्ते भरत असतील, तर तो रकाना जोखमीबद्दल नवं काही सांगत नाही. तो फक्त बायका ओळखतो. त्याला ‘सारखेपणा’च्या व्याख्येत जागा नाही, आणि मॉडेलमध्येही नाही.

खंड असलेल्यांची कर्जं खरोखर जास्त थकत असतील तर प्रश्न अवघड होतो. तेव्हा विचारायचं ते हे, की हीच जोखीम दुसऱ्या एखाद्या, कमी तिरक्या मापाने मोजता येईल का? मागच्या बारा महिन्यांत खात्यात नियमित पैसे आले का, भाडं आणि विजेचं बिल वेळेवर गेलं का, यावरून तेवढाच अंदाज येत असेल, तर नोकरीची वर्षं मोजण्याचा हट्ट कशाला? येत नसेल, तर बँकेने तो रकाना ठेवण्याला कारण आहे, हे मी मान्य करते. बुडणारं कर्ज देणं हा त्या बाईवरही उपकार नसतो.

या तपासणीची एक मोठी मर्यादा आहे. परतफेड कळते ती फक्त कर्ज मिळालेल्यांची. ज्यांना नाकारलं त्यांनी हप्ते भरले असते का, हे कुठल्याच फाइलमध्ये नाही. नाकारलेली माणसं स्वतःच्या बाजूने पुरावा देऊच शकत नाहीत, कारण तो पुरावा तयार होण्याची संधीच त्यांना मिळालेली नसते. मंजुरीच्या रेषेच्या अगदी खाली असलेल्या थोड्या अर्जदारांना चिठ्ठ्या टाकून छोटी कर्जं देणं आणि काय होतं ते पाहणं, हा त्यावरचा एक प्रामाणिक उपाय. त्यात पैसे बुडू शकतात, म्हणून त्याला फारसं कोणी राजी होत नाही.

आणि मग उरतात त्या ३०० जणी, ज्यांना जोडीच मिळाली नव्हती. जोड्यांमधल्या ४०६ स्त्रियांना मंजुरी मिळाली असेल, तर एकूण ४८०मधल्या राहिल्या ७४. म्हणजे जोडी नसलेल्या ३०० जणींपैकी चौघींत एकीला. त्यांच्यासारखा पुरुष यादीत नाही, कारण तेवढ्या कमी उत्पन्नाचे, किंवा स्वतःच्या नावावर कधीच कर्ज न घेतलेले पुरुष फार कमी आहेत. तुलनेची पद्धत त्यांच्याबद्दल चूक बोलत नाही. ती त्यांच्याबद्दल बोलतच नाही. अहवालात ‘सारख्या अर्जदारांमध्ये लक्षणीय फरक नाही’ असं वाक्य येतं आणि ते खरं असतं. पण जोड्या लावायच्या अटी जितक्या वाढवाव्यात, तितकं ते वाक्य कमी माणसांबद्दल खरं राहतं. आपल्या उदाहरणात ते शेवटी एक हजारातल्या ४५० जणींबद्दल उरलं.

म्हणून माझं म्हणणं असं, की ‘सारखे’ ही डेटात सापडणारी गोष्ट नाही. ती आपण ठरवतो, आणि ठरवताना नैतिक बाजू घेतो. एखादा रकाना व्याख्येत घेणं म्हणजे त्यातल्या फरकाची जबाबदारी अर्जदाराची आहे असं म्हणणं, आणि तो वगळणं म्हणजे ती आपली आहे असं म्हणणं. दोन्ही कधीकधी योग्य असतं. अयोग्य आहे ते निकाल पाहून रकाने वाढवत जाणं. कोणत्या बाबी धरणार आणि का, हे तुलना करण्याआधी लिहून ठेवावं. कच्चं अंतर आणि उरलेलं अंतर, दोन्ही छापावेत. मधलं अंतर कोणत्या रकान्याने खाल्लं तेही सांगावं. आणि जोडी न मिळालेले किती, त्यांचं काय झालं, ही ओळ तळटीपेत न टाकता पहिल्या पानावर लिहावी.