ऐंशी किलोन्यूटन जातात कुठे?

हायड्रॉलिक सिलिंडरच्या रॉडच्या टोकाशी मन आणा. तिथे ५० किलोन्यूटन, म्हणजे साधारण पाच टन, रेटा हवा आहे. रिलीफ व्हॉल्व्ह १६० बारला लावलेला. म्हणजे दर चौरस मिलिमीटरला १६ न्यूटन. भागाकार सावकाश करा: ३,१२५ चौरस मिलिमीटर. ६३ मिमी बोअरचं क्षेत्रफळ ३,११७ भरतं. इतकं जवळचं उत्तर पाहून हात लगेच ६३ लिहू पाहतो. थांबा. सील घासणार, वाटेत दाब थोडा उतरणार. दहावा हिस्सा त्यात गेला असं धरलं, तर बोअर साडेसहासष्ट हवा. सहज मिळणारं पुढचं माप ८० घ्या.

आता तेच काम ११० बारमध्ये होतं. पण रॉड अडकला, तर दाब १६० पर्यंत चढेल आणि रेटा ८० किलोन्यूटन होईल. पुढचं सगळं याच आकड्यावर बेतायचं आहे.

रॉड पूर्ण बाहेर आलेला पाहा. दोन्ही पिनांमधलं अंतर दीड मीटर. ४५ मिमी रॉड ऑयलरच्या सूत्राने १८५ किलोन्यूटनला वाकतो. पन्नासच्या तुलनेत हे पावणेचारपट, ऐंशीच्या तुलनेत जेमतेम सव्वादोनपट. साडेतीनपट तरी हवं, म्हणून ५६ घ्या. व्हॉल्व्ह खाली उतरवूनही भागेल, पण साइटवर त्याचा स्क्रू कोणीतरी पिळतोच.

५६ च्या रॉडमुळे रॉडकडचं क्षेत्रफळ जवळपास निम्मं उरतं. समजा, त्या बाजूचा क्विक कपलर नीट बसला नाही आणि तेल कोंडलं. बाहेर भार नसेल, तर १६० बारचा रेटा तिथे ३१४ बार उभे करतो. गेजचा काटा मात्र १६० च दाखवतो, कारण तो पंपाकडे आहे. ते ८० किलोन्यूटन आता ग्लँडच्या आट्यांवर आले. मागच्या एंड कॅपच्या वेल्डवर ते आधीपासूनच आहेत.

ग्लँडचं मॉडेल याच नजरेने उघडा. तेलाकडून बाहेर येत चला: वेअर रिंग, ओठ तेलाकडे केलेलं रॉड सील, शेवटी वायपर. खाच कॅटलॉगमधल्या मापाची काढा. मोकळं सील तिच्यात मावताना दिसणार नाही. त्याचा ओठ रॉडमध्ये घुसलेला दिसेल, तो तसाच राहू द्या. बाहेरच्या ओ-रिंगला तेलाच्या विरुद्ध बाजूस बॅकअप रिंग द्या. नाहीतर ३१४ बारला रबर फटीत शिरून कुरतडलं जातं.

आता ग्लँड अक्षावरून हळूहळू आत सरकवा. ओ-रिंग आट्यांवरून घासत जाते का? पोर्टच्या धारेवरून? जात असेल, तर आट्यांचा आतला व्यास बोअरहून मोठा करा, पोर्ट आत सरकवा आणि तोंडाला १५ ते २० अंशांचा उतार द्या. कापलेली ओ-रिंग जोडणीच्या वेळी दिसत नाही; पहिल्या दाबचाचणीत ग्लँडच्या कडेने तेल पाझरतं. रॉड ओला झाला, तर मात्र रॉड सील तपासायचं.